रांगेच्या शेवटी कोण?

शाळेतल्या मॉक ड्रिलसाठी केलेले बहुतेक व्हिडिओ भडकलेल्या आगीने सुरू होतात. मागे सायरन, त्यावर चढत जाणारा ड्रम आणि मग एक घोगरा आवाज, ‘संकट सांगून येत नाही.’ मुलं डोळे विस्फारून बघतात, मधल्या सुट्टीत सायरनची नक्कल करतात, आणि आपल्या वर्गातून कोणत्या जिन्याने उतरायचं हे विचारलं तर एकमेकांकडे पाहतात. ते व्हिडिओत नसतंच. असा व्हिडिओ कोणत्याही शाळेत दाखवता येतो आणि तिथेच तो फसतो. कामाला येणारा व्हिडिओ एकाच इमारतीचा असतो. शेजारच्या शाळेला त्याचा काडीचा उपयोग होता कामा नये.

म्हणून संहिता लिहायला बसण्याआधी लेखकाने ती इमारत पायी फिरायला हवी, हातात घड्याळ आणि मोजपट्टी घेऊन. समजा शाळा तळमजला अधिक दोन मजल्यांची आहे. प्रत्येक मजल्यावर चार वर्ग, वर्गात चाळीस मुलं, एकूण पट ४८०. तळमजल्यावरचे वर्ग व्हरांड्यातून थेट मैदानात उघडतात, त्यांची फारशी चिंता नाही. प्रश्न वरच्या ३२० मुलांचा. त्यांच्यासाठी दोन जिने आहेत, दोन्ही साधारण दीड मीटर रुंद. एक दर्शनी, ऑफिसच्या बाजूचा. दुसरा मागचा, पाण्याच्या टाकीजवळचा. या दुसऱ्या जिन्याच्या तळाशी चॅनेल गेट आहे आणि शाळा भरली की त्याला कुलूप लागतं, कारण मुलं तिथून पळून जातात.

दीड मीटरच्या जिन्यावरून दोन-दोनच्या रांगेत, न धावता, न ढकलता मुलं उतरली तर सेकंदाला साधारण एक मूल खाली पोचतं. दोन्ही जिने उघडे असतील तर प्रत्येकावर १६० मुलं, म्हणजे दोन मिनिटं चाळीस सेकंद. घंटा झाल्यापासून पहिलं मूल जिन्याच्या तोंडाशी यायला अर्धा मिनिट आणि शेवटचं मूल तळापासून मैदानात पोचायला अर्धा मिनिट धरला तरी पावणेचार मिनिटांच्या आत इमारत रिकामी. मागचं गेट बंद राहिलं तर सगळी ३२० मुलं एकाच जिन्यावर येतात आणि हिशेब सव्वासहा मिनिटांच्या पुढे जातो. हे अडीच मिनिटांचं अंतर मुलांच्या शिस्तीने भरून निघत नाही. ते एका किल्लीवर अवलंबून आहे, आणि ती किल्ली कुणाच्या खिशात आहे हे व्हिडिओत दिसायला हवं.

संहिता दोन रकान्यांत लिहितात. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. आपल्या शाळेच्या संहितेचा एक तुकडा असा होईल:

दृश्य: सातवी ‘ब’चा वर्ग. फळ्यावर गणित अर्धवट. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर.
आवाज: घंटा सलग वाजते आहे. (दोन सेकंद थांबा) हातातलं काम तिथेच ठेवा. उभे राहा.

दृश्य: बाई हजेरीपट उचलतात आणि दाराशी जातात. व्हरांड्यात दोन्हीकडे बघतात. उजवा हात वर.
आवाज: बाई आधी रस्ता बघतात. बाईंचा हात वर झाला की पहिली रांग निघते. दप्तर जागेवरच राहू दे.

दृश्य: आराखडा. सातवी ‘ब’च्या दारातून बाण निघतो, टाकीजवळच्या जिन्याकडे वळतो.
आवाज: आपला जिना टाकीजवळचा. भिंतीच्या बाजूने चला.

एवढंच. प्रत्येक वाक्यात एकच काम आहे आणि त्या कामापुरती जागा मागे सोडली आहे. निवेदन लिहिणाऱ्याला शांतता भरून काढायचा मोह होतो. तो आवरला नाही तर मूल ‘उभे राहा’ ऐकतं तोवर आवाज जिन्यापर्यंत पोचलेला असतो. दुसरं म्हणजे, काय करायचं तेच सांगायचं. ‘धावू नका, ढकलू नका, ओरडू नका’ ही यादी ऐकून मुलाच्या डोक्यात धावणं, ढकलणं आणि ओरडणंच उरतं. ‘चालत जा, पुढच्याच्या पाठीपासून हातभर अंतर ठेवा, बाईंचा आवाज ऐका’ असं म्हटलं की त्याला करण्याजोगं काही मिळतं. जपानमध्ये मात्र शाळाशाळांतून नकारांचीच चौकडी पाठ करून घेतात: ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. तिथे ती चालते, कारण तिच्यामागे लहानपणापासूनचा सराव असतो. व्हिडिओला तो आधार नाही.

शांत आवाज म्हणजे योगनिद्रेचा आवाज नव्हे. वर्गात ‘वह्या काढा’ म्हणताना बाईंचा जो सूर असतो तो हवा. त्यामुळे व्यावसायिक निवेदकापेक्षा शाळेतल्याच एखाद्या शिक्षकाचा आवाज घेतलेला मला जास्त पटतो. प्रत्यक्ष प्रसंगी मुलांना तोच ऐकू येणार आहे. घंटाही तीच ध्वनिमुद्रित करावी, शाळेची रोजची घंटा, फक्त सलग वाजवलेली. वीज गेली की इलेक्ट्रिक घंटा मुकी होते, म्हणून पितळी टोलही एकदा वाजवून दाखवावा. पार्श्वसंगीत नको. संगीत असलं की मुलं सिनेमा बघायला बसतात.

आता रस्त्याचा आराखडा. इथे सगळ्यात जास्त घोळ होतात, कारण शाळेकडे वास्तुविशारदाचा नकाशा असतो आणि तोच उचलून पडद्यावर टाकला जातो. त्यात खांब असतात, मापं असतात, उत्तर दिशेचा बाण असतो. पाचवीतल्या मुलाला त्यात आपला वर्ग सापडत नाही. मुलासाठी काढलेल्या आराखड्यात भिंत, दार, जिना आणि मैदान एवढंच पुरे. तो फिरवून असा ठेवायचा की वर्गाच्या दारातून बाहेर पाऊल टाकल्यावर जे समोर दिसतं ते पडद्यावर वरच्या बाजूला येईल. मग मुलाचा उजवा हात आणि आराखड्यातली उजवी बाजू एकच राहते. याचा एक तोटा आहे: समोरासमोरच्या वर्गांसाठी आराखडा वेगवेगळा फिरवावा लागतो आणि काम वाढतं. ते करायलाच हवं.

जागांची नावंही मुलांच्या तोंडची हवीत. ‘जिना क्रमांक दोन’ कुणीच म्हणत नाही, ‘टाकीजवळचा जिना’ सगळे म्हणतात. दोन रस्ते दोन रंगांत दाखवले तरी नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नये. काही मुलांना, त्यातही मुलग्यांना, लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. एका रस्त्याची रेघ सलग आणि दुसऱ्याची तुटक काढली की प्रश्न मिटतो. बाण मुलाच्या चालीने सरकायला हवा. सर्रकन मैदानात पोचणारा बाण मुलांना धावायलाच शिकवतो. आराखडा संपला की लगेच तोच रस्ता खऱ्या इमारतीत, मध्ये न तोडता, कॅमेरा मुलाच्या उंचीवर धरून दाखवायचा. या उंचीवरून एक गोष्ट कळते जी मोठ्यांच्या लक्षात येत नाही: दारावर लावलेली ‘बाहेर’ची पाटी रांगेतल्या मुलाला पुढच्यांच्या डोक्यांमागे दिसतच नाही. मग त्याने भिंतीवरचा कमरेएवढ्या उंचीचा बाण बघायचा असतो, आणि चित्रीकरणाच्या निमित्ताने तो रंगवूनही होतो.

एवढं करून चालत नाही. आराखड्यात एकदा तरी रस्ता बंद झालेला दाखवायलाच हवा. बाण टाकीजवळच्या जिन्याकडे जातो, तिथे करडा धूर दिसतो, बाई हात आडवा करतात, रांग जागीच वळते आणि दर्शनी जिन्याकडे निघते. जी शाळा हे दृश्य गाळते ती मुलांना एकच वाट शिकवते.

१ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोच्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ शाळेत हेच घडलं. तिथे ड्रिल होत असत आणि शाळा झटपट रिकामीही होत असे. पण ती ड्रिल व्हरांडा मोकळा आहे असं धरून होती. आग तळघरात एका जिन्याच्या पायथ्याशी लागली. त्या जिन्यावर खालच्या मजल्याला दार होतं आणि ते बंद होतं. वरच्या मजल्याला दारच नव्हतं. धूर सरळ वर चढला आणि वरचा व्हरांडा भरून गेला. खालच्या मजल्यावरची बहुतेक मुलं सुखरूप बाहेर पडली, वरच्या वर्गांतली आतच अडकली. ९२ मुलं आणि ३ नन्स गेल्या. वर्ग रिकामा झाला की शिक्षकाने दार ओढून घ्यायचं, पण कडी लावायची नाही, ही सूचना संहितेत येते ती अशा अनुभवांतून.

त्याच दुर्घटनेतला आणखी एक तपशील शिक्षकांच्या कामाशी थेट जोडलेला आहे. धूर जाणवल्यावर एक शिक्षिका मुख्याध्यापिकेच्या कार्यालयाकडे गेली. शाळा रिकामी करायची तर परवानगी हवी, अशी रीत होती. मुख्याध्यापिका जागेवर नव्हत्या; आजारी शिक्षिकेच्या बदली दुसऱ्या वर्गावर शिकवत होत्या. शेवटी त्या शिक्षिकेने आणि तिच्या शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी परवानगीशिवायच आपापली मुलं बाहेर काढली. पण त्या शोधाशोधीत मोलाची मिनिटं गेली होती. म्हणून आपल्या व्हिडिओत पहिलीच भूमिका अशी असावी: धूर जो पाहील तो घंटा वाजवेल. शिपाई असो, बालवाडीच्या ताई असोत, डबा द्यायला आलेली आई असो. हे वाक्य मुख्याध्यापकांनी स्वतः कॅमेऱ्याकडे बघून म्हणावं. त्यांनी तोंडाने सांगितल्याशिवाय आपल्याकडे शिपाई कधीच घंटेला हात लावणार नाहीत, हे शाळेत काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

घंटेनंतर माणसं पांगतात, आणि कोण कुठे जातं हेच व्हिडिओचं मुख्य कथानक. शिपाईमामा थेट मागच्या चॅनेल गेटकडे जातात. किल्ली त्यांच्याकडे एक, आणि दुसरी गेटशेजारी काचेच्या छोट्या पेटीत. (खरं तर शाळेच्या वेळात त्या गेटला कुलूपच नको. पळणाऱ्या मुलांसाठी तिथे माणूस बसवावा.) ऑफिसमधले क्लार्क १०१ किंवा ११२ ला फोन लावतात. त्यांनी काय बोलायचं हेही संहितेत शब्दशः लिहावं: शाळेचं नाव, जवळची खूण, धूर कोणत्या मजल्यावर आहे, पट किती. फोन लावणारा माणूस घाबरला की पत्ता विसरतो, म्हणून तो कागद फोनच्या वरच चिकटवलेला दिसतो. खेळाचे सर दर्शनी जिन्याच्या मधल्या वळणावर आणि चित्रकलेच्या बाई टाकीजवळच्या जिन्यावर उभ्या राहतात. वरच्या मजल्याची रांग आली की पहिल्या मजल्याची रांग थांबवून तिला वाट द्यायची, कारण धूर वर चढतो आणि वरच्यांना वेळ कमी असतो. धूर पहिल्याच मजल्यावर असेल तर उलट करायचं. हा निर्णय जिन्यावरच्या शिक्षकाचा, आणि त्याच्याशी तिथे कुणी वाद घालायचा नाही.

वर्गशिक्षकाने रांगेच्या पुढे राहायचं की मागे? यावर शिक्षकांच्या खोलीत तासभर वाद होऊ शकतो. पुढे राहिलं तर मागे कोण राहिलं ते दिसत नाही. मागे राहिलं तर पुढचं मूल धुरात शिरू शकतं. मला पटणारा तोडगा जोडीवर्गांचा. सातवी ‘अ’ आणि सातवी ‘ब’ शेजारी आहेत, दोन्ही वर्ग एकाच रांगेने निघतात. ‘अ’चे सर पुढे, ‘ब’च्या बाई शेवटी. बाई दोन्ही वर्गांत डोकावतात, बाकांखाली बघतात, दार ओढून घेतात, मग रांगेला येऊन मिळतात. याचा आणखी एक फायदा आहे. एखादे शिक्षक रजेवर असले तरी त्यांचा वर्ग पोरका राहत नाही. पूर्वप्राथमिकच्या मुलांना मात्र पुढेही मोठं माणूस लागतं आणि मागेही. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलासाठी दोन माणसं आधीच ठरलेली असतात, त्यांच्या बदलीची दोन माणसंही ठरलेली असतात, आणि त्या मुलाला उचलायची रीत व्हिडिओत त्याच्या व पालकांच्या संमतीनेच दाखवावी. मजल्यावरची मुतारी, प्रयोगशाळा, वाचनालय हे मजल्याच्या पर्यवेक्षकाचं काम. त्या सगळ्यात शेवटी उतरतात.

मैदानात वर्गवार रांगा लागतात आणि आता हजेरीपट कामाला येतो. बहुतेक व्हिडिओ इथे टाळ्या वाजवून संपतात. माझ्या मते खरा व्हिडिओ इथून सुरू होतो. सातवी ‘ब’च्या सकाळच्या हजेरीत ३८ मुलं. बाई मोजतात, ३७. मॉनिटर पुन्हा मोजतो, ३७. बाई लाल कार्ड वर धरतात; बाकी सगळ्या वर्गांवर हिरवी कार्डं. मुख्याध्यापक फक्त लाल कार्डाकडे येतात आणि विचारतात, कोण आणि शेवटी कुठे दिसला? ‘तासाला पाणी प्यायला गेला होता.’ तो कुठे आहे? तो पाणी पिऊन परतताना घंटा ऐकून जवळच्या पाचवीच्या रांगेत शिरला आणि त्यांच्याबरोबर खाली आला. पाचवीच्या बाईंची मोजणी एकाने जास्त भरली होती, पण जास्त भरली म्हणून त्यांनी काही सांगितलं नव्हतं. संहितेत एक ओळ वाढते: कमी भरलं तरी लाल, जास्त भरलं तरी लाल. आणि मुलांसाठी दुसरी: वर्गाबाहेर असलात तर जवळच्या रांगेत जा, आपल्या वर्गाकडे परत जाऊ नका. मूल सापडलं नाही तर बाई आत जात नाहीत. मुलाचं नाव आणि जागा अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याला सांगतात. हे दृश्य शिक्षकांना बघवत नाही, तरी ठेवावंच लागतं.

जमायची जागाही आधी पायाखालून घातलेली हवी. जपानमधल्या ओकावा प्राथमिक शाळेत ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर मुलं शिस्तीत पटांगणात जमली आणि तिथेच सुमारे ५० मिनिटं थांबली. पुढे कुठे जायचं यावर मोठ्यांचं एकमत होईना. शाळेच्या मागेच टेकडी होती. त्सुनामीत ७४ मुलं आणि १० शिक्षक व कर्मचारी गेले. शाळेच्या आपत्ती-पुस्तिकेत पुढची सुरक्षित जागा म्हणून ‘जवळची मोकळी जागा किंवा उद्यान’ असं मोघम लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात तशी कामाची जागा नव्हती. २०१८ साली सेंदाईच्या उच्च न्यायालयाने ही तयारीच अपुरी ठरवली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. आपल्या संहितेतली ‘सुरक्षित ठिकाणी जमा’ ही ओळ तितकीच मोघम आहे. ‘मैदानात, कडुलिंबाच्या पलीकडे, आपल्या वर्गाच्या चुन्याच्या रेघेवर’ असं लिहावं. दर्शनी फाटकासमोरची जागा नको, तिथून बंब येणार आहे आणि पालकांची गर्दीही तिथेच होणार आहे. मैदानात उभं राहणं धोक्याचं झालं तर दुसरी जागा कोणती आणि तिथे जायचं कुणी ठरवायचं, हेही एका वाक्यात.

व्हिडिओत शिक्षकांची नावं घेऊ नयेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली होते, खाजगी शाळेत लोक सोडून जातात, आणि वर्षभरात अर्धा व्हिडिओ खोटा पडतो. ‘जिन्यावरचे शिक्षक’, ‘शेवटच्या बाई’ असं म्हणावं, आणि त्या भूमिकेतल्या माणसाला पिवळा जाकीट घालावा. व्हिडिओ तुकड्यांत करावा, म्हणजे नवी भिंत बांधली तर फक्त रस्त्याचा तुकडा बदलता येतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. त्याच आठवड्यात व्हिडिओ लावून आराखडा आणि इमारत ताडून बघायची सवय लावली तर वेगळी तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. व्हिडिओ कळला की नाही, हे प्रश्नपत्रिकेतून कळत नाही. एकेका मुलाला वर्गाच्या दारात उभं करून ‘जा’ म्हणायचं आणि मागून चालायचं. पहिल्या वळणावर तो थबकला तर आराखडा चुकला आहे, मूल नव्हे.

राहता राहिला भूकंप. पुष्कळ शाळा आग आणि भूकंप एकाच व्हिडिओत कोंबतात, आणि तो गोंधळ धोक्याचा आहे, कारण पहिली हालचाल उलटी आहे. आगीत घंटा झाली की उठायचं. भूकंपात जमीन हलत असताना बाकाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, बाकाचा पाय धरून ठेवायचा आणि हलणं थांबेपर्यंत जिन्याकडे फिरकायचं नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला झाला, त्या वेळी शाळा रिकाम्या होत्या. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा मात्र सकाळ होती आणि प्रजासत्ताक दिनासाठी मुलं बाहेर पडली होती. भूकंपाचा व्हिडिओ वेगळा करावा आणि त्यात घंटा वाजूच नये, कारण हलणारी जमीन हीच तिथली खूण असते. हलणं थांबल्यावर बाई व्हरांड्यात दोन्हीकडे बघतात, हात वर करतात, आणि तिथून पुढे तोच आराखडा, तेच जिने, तीच लाल-हिरवी कार्डं.